घेतल्यापासून विकेपर्यंत भाव कुठे कुठे फिरला?

शेअर बाजारात दिवसाचे सौदे संपले की ब्रोकरकडून कॉन्ट्रॅक्ट नोट येते. तिच्यात प्रत्येक सौद्याचे दोनच भाव असतात, घेतल्याचा आणि विकल्याचा. ६०० रुपयांना घेतला, ६०९ ला विकला, शेअरमागे नऊ रुपये सुटले. पण असे नऊ रुपये दोन अगदी वेगळ्या वाटांनी येऊ शकतात. एका सौद्यात भाव घेतल्याबरोबर वर निघाला आणि ५९९.५० च्या खाली कधी गेलाच नाही. दुसऱ्यात तो आधी ५९४.५० पर्यंत घसरला, घेणाऱ्याचा जीव टांगणीला लागला, मग उसळून ६२४ ला पोचला आणि शेवटी ६०९ वर हाती लागला. कॉन्ट्रॅक्ट नोटेला या दोन्हींत फरक दिसत नाही. स्टॉप-लॉस किती अंतरावर ठेवावा आणि नफा कुठे घ्यावा, हे ठरवायला मात्र हा फरकच उपयोगी पडतो.

हा फरक मोजायचे दोन आकडे आहेत. सौदा चालू असताना भाव आपल्या विरुद्ध जास्तीत जास्त किती गेला, हा पहिला. इंग्रजीतल्या ‘मॅक्झिमम अ‍ॅडव्हर्स एक्सकर्शन’वरून त्याला ‘एमएई’ म्हणतात. आपल्या बाजूने जास्तीत जास्त किती गेला, हा दुसरा, म्हणजे ‘एमएफई’. वरच्या दुसऱ्या सौद्यात एमएई साडेपाच रुपये आणि एमएफई चोवीस. या पद्धतीची नीट मांडणी जॉन स्वीनी या अमेरिकी लेखकाने केली. १९९०च्या दशकात त्याने पहिल्या आकड्याच्याच नावाने एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा मूळ विचार साधा होता. तुमची सौदा उचलण्याची पद्धत खरोखर काही कामाची असेल, तर जिंकणारे सौदे सुरुवातीला फार मागे जाणार नाहीत आणि हरणारे जातील. तसं असेल तर ‘इतक्या मागे गेलेला सौदा सहसा परतत नाही’ अशी एक रेषा तुमच्या स्वतःच्या नोंदींतून सापडायला हवी.

नोंद ठेवणं अवघड नाही, पण दोन जागी हमखास घोळ होतो. तारीख, वेळ, घेतल्याचा भाव, ठरवलेला स्टॉप आणि विकल्याचा भाव हे बहुतेकांच्या वहीत असतंच. त्यात आणखी दोन रकाने घालायचे, सौदा हातात असतानाचा नीचांक आणि उच्चांक. हे आकडे एका मिनिटाच्या कँडलवरून काढावेत. पंधरा मिनिटांच्या कँडलवरून काढले, तर आपण घेण्याआधीचा नीचांकही आपल्या खात्यात जमा होतो आणि न भोगलेली घसरण वहीत चढते. दुसरा घोळ क्रमाचा. एकाच कँडलचा उच्चांक ६१० आणि नीचांक ५९६ असेल, तर आधी कोणता आला हे ती कँडल सांगत नाही. म्हणून उच्चांक आणि नीचांक कधी लागले, त्या वेळाही लिहाव्यात. पुढे स्टॉप आणि टार्गेट एकत्र तपासताना त्यांच्यावाचून अडतं. शॉर्ट सौद्यात, म्हणजे आधी विकून मग घेताना, अर्थातच सगळं उलट: उच्चांक विरुद्ध, नीचांक बाजूचा.

आता एक वही कल्पू या. आकडे हिशेब कळावा म्हणून रचलेले आहेत, पण अशा वह्या दिसतात साधारण अशाच. एक बाई इंट्राडे करतात. सहाशे रुपयांच्या आसपास फिरणारा एक शेअर, दर वेळी शंभर शेअर, सकाळची पातळी तुटून भाव वर निघाला की खरेदी. स्टॉप आठ रुपये खाली. टार्गेट नाही, वाटेल तेव्हा किंवा सव्वातीनच्या सुमारास विकून मोकळं व्हायचं. वहीत ४० सौदे झाले आहेत. त्यांतले १८ जिंकले, सरासरी नऊ रुपये, म्हणजे शेअरमागे एकूण १६२. हरले २२, एकूण तोटा १४४. हाती उरले १८ रुपये, सौद्यामागे ४५ पैसे.

ऐकायला हे बरं वाटतं. पण साठ हजारांच्या खरेदी-विक्रीवर दोन्ही वेळची दलाली, विक्रीवरचा ०.०२५ टक्के एसटीटी, एक्स्चेंजचा आकार, स्टँप ड्युटी आणि जीएसटी मिळून साधारण साठ रुपये जातात, म्हणजे शेअरमागे ६० पैसे. बाई जिंकत नाहीत, सौद्यामागे पंधरा पैसे हरत आहेत. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२२-२३ या वर्षी रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात निघाल्या होत्या. त्या सातांतल्या किती जणांना आपला तोटा अशा पैशापैशाने झिरपतो हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

आता जिंकलेले सौदे त्यांच्या एमएईप्रमाणे लावले. सहा सौदे एका रुपयाहूनही कमी मागे गेले. पाच एक ते दोन रुपये, चार दोन ते तीन, दोन तीन ते चार. फक्त एकच सौदा साडेपाच रुपये मागे जाऊन परतला. म्हणजे अठरापैकी सतरा विजेत्यांना चार रुपयांहून जास्त मोकळीक लागलीच नव्हती. हरलेल्या बावीसांपैकी मात्र एकोणीस सौदे चार रुपयांच्या खाली गेले, आणि त्यांतले चौदा थेट आठ रुपयांच्या स्टॉपवर जाऊन आदळले. दोन्ही ढीग एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळे पडले, म्हणून पुढचा हिशेब करण्यात अर्थ आहे. जिंकणारे आणि हरणारे सारखेच मागे जात असते, तर स्टॉप कुठेही सरकवून उपयोग नव्हता. तेव्हा दोष घेण्याच्या पद्धतीत शोधावा लागला असता.

स्टॉप चार रुपयांवर आणला तर काय होईल? तो एक विजेता हातचा जातो. त्याने सात रुपये दिले होते, आता तो चार घेऊन जाईल. उरलेल्या सतरांचे १५५ राहतात. चौदा मोठ्या हारांचे ११२ रुपये निम्मे होऊन ५६ वर येतात आणि बाकीच्या आठ हारांचा तोटा ३२ वरून २६ होतो. १५५ मधून ५६, २६ आणि त्या गमावलेल्या विजेत्याचे चार वजा केले की ६९ उरतात. अठराचे एकोणसत्तर झाले, आणि एकही सौदा जास्त चांगला निवडावा लागला नाही.

इथे बहुतेक जण एक पाऊल पुढे टाकतात, आणि मोह समजण्यासारखा आहे. चारने एवढं दिलं, तर तीनवर आणू, दोनवर आणू. तीनवर तीन विजेते मारले जातात आणि शिल्लक ६० वर येते. दोनवर सात विजेते गळतात आणि ३७ उरतात. शिवाय दोन रुपयांच्या स्टॉपला चाळीसपैकी २९ वेळा धक्का लागतो, चारच्या स्टॉपला वीस वेळा. स्टॉपचा भाव हा फक्त ट्रिगर असतो. तो लागला की ऑर्डर बाजारात जाते आणि मिळेल त्या भावाला सुटते. दर वेळी चार आणे जरी खाली सुटली, तरी घसरगुंडी दोनच्या स्टॉपवर सव्वासात रुपये खाते आणि चारच्या स्टॉपवर पाच. स्टॉप जितका जवळ, तितका असा फुटकळ खर्च त्याच्या मानाने मोठा होत जातो. उलट बाजूला पाचवर शिल्लक ५०, सहावर ४८. उंचवटा तीन ते पाचच्या मध्ये आहे, आणि चार हे त्याचं टोक.

त्या टोकावर मात्र विश्वास टाकू नये. बाईंनी वहीचे दोन भाग केले, पहिले वीस सौदे आणि नंतरचे वीस. पहिल्या भागात चारच्या स्टॉपने ४१ रुपये दिले आणि तीनच्या स्टॉपने २४. दुसऱ्या भागात चारने २८ दिले, तीनने ३६. म्हणजे ‘सर्वोत्तम’ आकडा अर्ध्या वहीतच बदलला. दोन्ही भागांत टिकली ती एकच गोष्ट: आठचा जुना स्टॉप, ज्याने १५ आणि ३ रुपये दिले होते, या दोघांच्याही मागे राहिला. चाळीस सौद्यांतून एवढंच उत्तर मिळतं की स्टॉप आठहून बराच जवळ हवा, तीन ते पाचच्या मध्ये कुठेतरी. तो ३.८५ असावा की ४.१०, हे सांगण्याची ताकद या वहीत नाही. सॉफ्टवेअर ते दोन दशांशांपर्यंत सांगतं, हा सॉफ्टवेअरचा उद्धटपणा.

वहीची दुसरी मर्यादा लवकर लक्षात येत नाही. स्टॉप जवळ आणून काय झालं असतं, हे जुन्या नोंदी सांगू शकतात. लांब नेऊन काय झालं असतं, हे सांगू शकत नाहीत. कारण आठ रुपयांवर सौदा तुटला की नोंदही तिथेच तुटते. त्या चौदा सौद्यांचा एमएई वहीत ‘आठ’ असा दिसतो, पण तो बाजाराने दिलेला आकडा नाही, आपणच ओढलेल्या रेषेचा आहे. बारा रुपयांवर स्टॉप असता तर त्यांतले किती वाचले असते, हे पाहायला चार्टवर परत जावं लागतं. बाईंनी ते केलं. तुटल्यानंतर सव्वातीनपर्यंत भाव कुठे गेला, हे प्रत्येकासमोर वेगळ्या रकान्यात लिहिलं. चौदांपैकी दोन सौदे खरेदीभावाच्या वर परतले होते. उरलेले बारा आठच्याही खाली सरासरी आणखी पाच रुपये गेले होते. दोन वाचवायला बारांना मोकळीक देणं परवडणारं नव्हतं. पण चार्ट उघडला नसता तर ते कळलं नसतं, आणि ज्याला ते दोन सौदे आठवतात त्याला ‘स्टॉप लागतो आणि मग भाव पळतो’ असं आयुष्यभर वाटत राहतं.

आता नफ्याकडे. इथे हिशेब जास्त फसवा आहे, कारण एमएफई पाहताना माणूस हळहळतो. २४ रुपये दिसले होते आणि नऊच मिळाले, असा सौदा वहीत दिसला की टार्गेट हवंच असं वाटू लागतं. पण एमएफई म्हणजे नंतर कळलेलं शिखर. त्या शिखरावर विकणं कोणालाच जमत नाही, म्हणून ‘सुटून गेलेल्या नफ्याची’ बेरीज करून काही शिकता येत नाही. प्रश्न असा विचारावा लागतो: चारचा स्टॉप लागायच्या आधी किती सौदे अमुक रुपयांपर्यंत पोचले? ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा, आणि वेळा लिहून ठेवायच्या त्या याचसाठी.

बाईंच्या वहीत स्टॉपआधी सहा रुपयांपर्यंत २२ सौदे पोचले. आठपर्यंत १८, दहापर्यंत १५, बारापर्यंत मात्र नऊच, आणि सोळापर्यंत पाच. आता प्रत्येक टार्गेट लावून हिशेब केला. टार्गेट नसताना शिल्लक ६९ होती. सहाच्या टार्गेटने ती ६६ होते, आठच्या ७८, दहाच्या ८०. बाराचं टार्गेट लावलं की एकदम ६२ वर येते, आणि सोळाला परत ६९.

दहाला ८० आणि बाराला ६२, असा कडा कुठून आला? दहा आणि बाराच्या मधूनच माघारी फिरलेल्या सहा सौद्यांतून. त्यांतला एक तर शिखर गाठून थेट स्टॉपवर जाऊन आदळला होता. दहाचं टार्गेट त्या सहांना नेमकं पकडतं आणि बाराचं नेमकं सोडतं. त्यांतला एखादा १०.०५ पर्यंतच गेला असेल, तर तेवढ्या स्पर्शाने आपली विक्रीची ऑर्डर पूर्ण झाली असती याचीही खात्री नाही. त्या भावाला आपल्या आधी रांगेत उभ्या असलेल्यांचा माल आधी जातो.  इथे शिल्लक दोन रुपयांच्या अंतरात अठराने कोसळते. असा कडा दिसला की समजावं, आपण बाजाराचा गुण मोजत नाही, त्या विशिष्ट सौद्यांचा योगायोग मोजतो आहोत.

त्यापेक्षा एक साधी तपासणी मला जास्त मोलाची वाटते, आणि ती फार कमी लोक करतात. भाव निव्वळ नाणेफेकीसारखा चालला, प्रत्येक क्षणी वर-खाली जाण्याची शक्यता सारखी, तर चार खाली जाण्याआधी दहा वर पोचण्याची शक्यता किती? गणितातलं जुनं उत्तर आहे: स्टॉपचं अंतर भागिले स्टॉप आणि टार्गेटची बेरीज. चार भागिले चौदा, साधारण २९ टक्के. चाळीस सौद्यांत अकरा-बारा. बाईंचे पंधरा पोचले. म्हणजे नाण्यापेक्षा बरं, पण किती बरं? चाळीस सौद्यांच्या खेळात नाणंसुद्धा तीनेक इकडे-तिकडे सहज करतं. बाराच्या टार्गेटला नाणं दहा सौदे पोचवतं, वहीत नऊच आहेत. सहाच्या टार्गेटला नाण्याचे सोळा, वहीत बावीस. तेव्हा या पद्धतीत काही खरं बळ असेल, तर ते पहिल्या सहा-आठ रुपयांत दिसतं. त्यापुढे भाव आपल्या नियमाचं काही देणं लागत नाही.

हेच सूत्र आणखी एक गोष्ट उघड करतं. नाणेफेकीच्या बाजारात स्टॉप कुठेही ठेवा, टार्गेट कुठेही ठेवा, खर्च धरण्याआधीची सरासरी शून्यच राहते. जवळचं टार्गेट जास्त वेळा जिंकवतं आणि थोडं देतं, लांबचं क्वचित जिंकवतं आणि जास्त देतं. अंतरं बदलून नफ्याचा आकार बदलता येतो; मुळात नफा नसेल तर तो निर्माण होत नाही. शंभरात ऐंशी सौदे जिंकवून देतो असं सांगणाऱ्याला म्हणूनच त्याचा स्टॉप किती लांब आहे, हे आधी विचारावं.

टार्गेटच्या विरोधातही वहीत एक पुरावा आहे. सोळा रुपयांपलीकडे गेलेल्या पाच सौद्यांनी टार्गेटशिवाय ८० रुपये मिळवले होते, म्हणजे सगळ्या विजयांच्या कमाईतला अर्ध्याहून जास्त वाटा. दहाचं टार्गेट त्यांना पन्नासवर थांबवतं. ते तीस रुपये माघारी फिरणाऱ्या सौद्यांतून भरून निघाले म्हणून या वेळी बेरीज जुळली. पुढच्या चाळीसांत मोठ्या धावेचे सौदे आठ आले, तर जुळणार नाही. यावर निम्मे शेअर दहाला विकायचे आणि निम्मे तसेच चालू द्यायचे, असा मधला मार्ग काढतात. त्यातून काही जादू होत नाही: शिल्लक दोन्हींच्या बरोबर मध्ये, साडेचौऱ्याहत्तर येते. पण ती एका अंदाजावर कमी विसंबून असते, आणि चाळीस सौद्यांच्या वहीला एवढं पुरे.

रुपयांत ठरवलेली अंतरं मात्र फार काळ टिकत नाहीत. हाच शेअर एका महिन्यात दिवसाला आठ रुपये हलतो आणि निकालांच्या हंगामात वीस. म्हणून एमएई आणि एमएफई रुपयांत लिहून झाले की त्यांना त्या दिवसाच्या एटीआरने भागतात. एटीआर म्हणजे गेल्या काही दिवसांतली, बहुधा चौदा, भावाची सरासरी हालचाल. हे माप वेल्स वाइल्डरने १९७८ मधल्या त्याच्या पुस्तकात दिलं. बाईंच्या काळात एटीआर बारा रुपयांच्या आसपास होता, तेव्हा चारचा स्टॉप म्हणजे त्याचा एक तृतीयांश. असं भागल्यावर दोन वेगळ्या शेअरचे सौदेही एका वहीत शेजारी बसू शकतात, आणि चाळीसचे शंभर-दीडशे व्हायला वर्ष लागत नाही. खरेदी आणि शॉर्ट मात्र एका ढिगात टाकू नयेत. पडताना भाव वेगळ्या वेगाने पडतो.

स्टॉप निम्मा झाला की लगेच दुसरा विचार येतो. पूर्वी शंभर शेअरांवर आठशे रुपये पणाला लागायचे, आता चारशेच लागतात, मग शेअर दोनशे घ्यावेत का? हिशेबाने जोखीम तेवढीच राहते. पण दलाली सोडून बाकीचे खर्च दुप्पट होतात, आणि स्टॉपच्या भावाला दोनशे शेअर सुटताना घसरगुंडीही जास्त होते. त्याहून मोठी गोष्ट अशी की बातमी आली आणि भाव ५९७ वरून थेट ५८५ ला उघडला, तर मध्ये स्टॉप असून नसल्यासारखा. शंभर शेअरांना त्यात पंधराशे बसतात, दोनशेंना तीन हजार. असा दिवस त्या चाळीस सौद्यांत आलेला नाही, त्यामुळे कुठलाही एमएई त्याचा अंदाज देत नाही.

बाईंनी शेअर शंभरच ठेवले. स्टॉप एटीआरच्या एक तृतीयांशावर, निम्मे शेअर दहा रुपयांच्या आसपास मोकळे, निम्मे सव्वातीनपर्यंत. वहीत दोन रकाने वाढले: सौदा संपल्यानंतर सव्वातीनपर्यंतचा नीचांक आणि उच्चांक. ते प्रत्येक सौद्याला भरायचे, जिंकलेल्यालाही आणि चारवर तुटलेल्यालाही. पुढच्या वेळी स्टॉप पाचवर नेऊन पाहायचा झाला, तर उत्तर वहीतच मिळेल.